अवघड जागेचे दुखणे आणि हातातले तास

‘अवघड जागेचे दुखणे नि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत वापरतो. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या अंडकोशाच्या पिशवीला, गुदद्वाराजवळ किंवा या दोहोंच्या मधल्या भागात वेदना आणि सूज सुरू झाली, आणि तिथली कातडी काळसर-जांभळी दिसू लागली, तर तो संकोच जिवावर बेतू शकतो. त्या मधल्या भागाला डॉक्टर पेरिनियम म्हणतात. तिथे मऊ भाग सडवत नेणारा जंतुसंसर्ग शिरल्याची शंका घ्यायला एवढ्या खुणा पुरेशा असतात. त्याचे वैद्यकीय नाव नेक्रोटायझिंग फॅसायटिस आणि पेरिनियमपुरते नाव फुर्निए गँगरीन. उपचाराची वेळ इथे दिवसांत नाही, तासांत मोजतात. असे का, निदान कशावर करायचे, तपासण्यांवर किती विसंबायचे आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे तास नेमके कुठे निसटतात, याचा हा आढावा आहे.

जुने नाव, बदललेला रुग्ण

पॅरिसचे गुप्तरोगतज्ज्ञ जाँ आल्फ्रेड फुर्निए यांनी १८८३ मध्ये पाच तरुणांचे वर्णन केले. धडधाकट माणसे, अचानक सुरुवात, झपाट्याने पसरणारे गँगरीन आणि कारणाचा पत्ता नाही, असे ते चित्र होते. आजचा रुग्ण बहुधा याच्या उलट असतो. तो पन्नाशीच्या आसपासचा किंवा पुढचा असतो, त्याला मधुमेह असतो आणि शोधले तर कारणही सापडते. गुदद्वाराजवळचे गळू, मूत्रमार्गातला अडथळा किंवा बरेच दिवस ठेवलेली लघवीची नळी, केसाच्या मुळाशी आलेली पुळी, खाजवून झालेली जखम किंवा वस्तऱ्याचा काप, यांतले एखादे दार जंतूंना उघडे मिळालेले असते. पुरुषांत हा आजार कितीतरी जास्त दिसतो, पण स्त्रियांनाही होतो. त्यांच्यात योनिमुखाच्या बाजूच्या गाठीपासून किंवा गळवापासून सुरुवात होऊ शकते, आणि तिथे तर दाखवायचा संकोच दुप्पट असतो.

आजार दुर्मीळ आहे, आणि तेच त्याच्या चुकलेल्या निदानाचे एक कारण आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दरवर्षी लाख पुरुषांमागे साधारण १.६ रुग्ण आढळले. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाखांहून अधिक, म्हणजे पुरुष सुमारे १४ लाख. तोच दर इथे लावला तर वर्षाला वीस-बावीस रुग्ण होतात. हा अंदाज ढोबळ आहे. मधुमेहाचे प्रमाण आणि दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखे नाहीत. तरी त्यातून एक गोष्ट कळते. सोळा तालुक्यांत विखुरलेले एवढे रुग्ण म्हटले तर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला असा रुग्ण काही वर्षांत एकदा दिसेल. समोर मात्र गळू, खरूज, नायटा आणि मूळव्याध रोज येतात. त्या गर्दीतून हा एक वेगळा काढायचा आहे.

कातडी उशिरा बोलते

कातडीखाली चरबी असते आणि चरबीखाली स्नायूंवर चिवट पांढरट पडदा असतो. त्याला फॅशिया म्हणतात. या पडद्याला रक्तपुरवठा बेताचाच असतो. साधा संसर्ग कातडीत राहतो किंवा एका जागी पू धरून गळू बनतो. हा संसर्ग मात्र पडद्याच्या पातळीवर आडवा पसरतो. एकाच वेळी अनेक प्रकारचे जंतू तिथे असतात. आतड्यातले ई. कोलाय आणि क्लेबसिएला, हवेशिवाय वाढणारे बॅक्टेरॉइड्स, शिवाय स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस. एकाने ऑक्सिजन संपवला की दुसऱ्याला रान मोकळे होते. त्यांची विषे आणि विकरे पडदा विरघळवत जातात, आणि कातडीकडे वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात.

वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखी ही स्थिती असते: वरचा रंग शाबूत, आतले लाकूड पोकळ. वरच्या कातडीचे रक्त खालून तोडले गेलेले असते, पण ते तिच्यावर दिसायला वेळ लागतो. आधी ती सुजते आणि तकतकीत होते. मग जांभळट किंवा राखाडी छटा येते, पुढे पाण्याचे किंवा रक्ताळ फोड येतात आणि शेवटी ती काळी पडते. कातडी काळी पडण्याची वाट पाहणे म्हणजे आतला पडदा वीतभर मेल्यावर जागे होणे. सावळ्या-काळ्या वर्णाच्या रुग्णांत ही अडचण आणखी वाढते, कारण पुस्तकात लिहिलेली लाली त्यांच्यात दिसतच नाही. तिथे चांगल्या उजेडात दोन्ही बाजू शेजारी-शेजारी पाहाव्या लागतात. एका बाजूची कातडी जास्त काळवंडलेली, ताणलेली, सुरकुत्या नाहीशा झालेली दिसली तर तीच खूण समजायची.

याच रचनेमुळे आजार कुठल्या दिशेने पळतो तेही ठरते. पेरिनियमचा पडदा अंडकोशाच्या पिशवीत आणि लिंगावर अखंड चालू राहतो आणि पुढे ओटीपोटाच्या भिंतीच्या पडद्याला मिळतो. म्हणून गुदद्वाराजवळ सुरू झालेला संसर्ग जांघेत आणि तिथून पोटावर, कधी छातीच्या खालपर्यंत चढतो. जोरात असेल तेव्हा तो तासाला दोन-तीन सेंटिमीटर सरकतो, असे शल्यचिकित्सेच्या ग्रंथांत नमूद आहे. वृषण मात्र बहुधा वाचतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा थेट पोटातल्या महारोहिणीतून वेगळा येतो. पिशवीची सगळी कातडी काढावी लागली तरी आतले वृषण जिवंत सापडतात.

गुठळ्यांमुळे आणखी एक गोष्ट घडते. रक्त पोचत नाही तिथे प्रतिजैविकही पोचत नाही. म्हणून सर्वांत महागडे इंजेक्शन वेळेवर दिले तरी मेलेला भाग तसाच राहतो आणि जंतूंचा कारखाना चालू राहतो. हा आजार औषधाने आवरत नाही. तो कापून काढावा लागतो आणि औषध त्याला साथ देते.

मधुमेहाचा वाटा

साखर सतत वाढलेली असली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्या उशिरा पोचतात आणि जंतू गिळण्याची त्यांची ताकदही कमी होते. बारीक रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात. नसा बधिर झाल्यामुळे सुरुवातीचे दुखणे जाणवत नाही आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसल्याने लघवीत जंतू साठतात. जांघेतल्या दमट घडीत बुरशी वाढते, खाज सुटते आणि नखाने कातडी फाटते. मग संसर्गामुळे साखर आणखी चढते. औषधे चालू असताना कारण नसताना साखर अचानक तीनशे-चारशेवर गेली, तर कुठेतरी संसर्ग लपलेला आहे असे समजून अंगावरचे कपडे काढून तपासावे. यात चड्डीही आली.

काही औषधांचाही विचार करावा लागतो. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये इशारा दिला. पाच वर्षांत या गोळ्या घेणाऱ्या १२ जणांना फुर्निए गँगरीन झाल्याची नोंद त्यांच्याकडे झाली होती. दुसऱ्या बाजूला, डापाग्लिफ्लोझिनच्या १७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हा आजार औषध घेणाऱ्या गटात एकाला आणि नकली गोळी घेणाऱ्या गटात पाच जणांना झाला. म्हणजे धोका असला तर फार लहान आहे, आणि हृदय-मूत्रपिंडाला या गोळ्यांचा मोठा फायदा होतो. भीतीने गोळी बंद करण्याचे कारण नाही. मात्र ही गोळी घेणाऱ्याला खाली दुखू लागले तर त्याच दिवशी दाखवायचे, आणि संसर्गाची शंका आली की डॉक्टरने ती थांबवून इन्सुलिन सुरू करायचे. या गोळ्यांमुळे रक्तात कीटोनचे आम्ल वाढू शकते आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसतेही. म्हणून ‘साखर तर ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

गळू की हे?

सर्वांत उपयोगी खूण म्हणजे दिसण्यापेक्षा दुखणे जास्त असणे. बाहेर लहानशी पुळी किंवा थोडी सूज, आणि माणूस मात्र बसू शकत नाही, हात लावू देत नाही, वेदनाशामकानेही तळमळ थांबत नाही. दुसरी खूण म्हणजे सूज कातडीच्या रंगाच्या सीमेपलीकडे गेलेली असणे. रंग बदललेला भाग नाण्याएवढा, पण दाबून पाहिले तर कडकपणा आणि दुखरेपणा जांघेपर्यंत. तिसरी, कातडीची काळसर-जांभळी छटा. चौथी, फोड, कुजका वास किंवा दाबल्यावर बोटाखाली हवेचे बुडबुडे फुटल्यासारखी करकर. या चौथ्या गटातल्या खुणा दिसल्या तर शंका उरत नाही. पण त्या नसल्या म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

२०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला तेव्हा हे स्पष्ट झाले. मऊ भाग सडवणाऱ्या संसर्गाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांना ताप होता. फोड जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दिसले आणि रक्तदाब पडलेले साधारण पाचांत एक होते. ‘ताप नाही, बीपी चांगले आहे, उद्या पाहू’ हे वाक्य बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत चुकीचे ठरते ते यामुळे.

साधे गळू असेल तर दुखणे एका जागी असते, मध्ये मऊ पडते, पू निघाला की आराम पडतो. कातडीपुरता संसर्ग असेल तर प्रतिजैविकाने दिवसभरात तो थबकतो. वृषण पिळले गेले तर दुखणे अचानक, एका बाजूला आणि बहुधा तरुण मुलात येते. तीही आणीबाणीच आहे, पण कातडीचा रंग सुरुवातीला बदलत नाही. बुरशीच्या चट्ट्याला खाज असते, दुखणे नसते. या सगळ्यांत फसवी अवस्था एकच आहे: आदल्या दिवशी असह्य दुखणारी जागा दुसऱ्या दिवशी दुखेनाशी होणे. घरचे म्हणतात, उतार पडला. खरे म्हणजे त्या कातडीच्या नसा मेलेल्या असतात. दुखणे कमी, पण नाडी जलद, श्वास वाढलेला, जीभ कोरडी आणि माणूस सुस्त, हे चित्र दिसले तर आजार वाढलेला आहे.

रक्ताचे आकडे आणि त्यांची मर्यादा

२००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी लरिनेक नावाची गुणपद्धत मांडली. सहा साध्या रक्ततपासण्यांना गुण द्यायचे आणि बेरीज सहा किंवा अधिक झाली तर शंका पक्की धरायची. सीआरपी लिटरमागे १५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ४ गुण. पांढऱ्या पेशी १५ ते २५ हजार असतील तर १ आणि २५ हजारांवर २. हिमोग्लोबिन ११ ते १३.५ मध्ये १ आणि ११ च्या खाली २. सोडियम १३५ च्या खाली २, क्रिएटिनिन १.६ च्या वर २ आणि साखर १८० च्या वर असेल तर १.

आता ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून हे गुण मांडून पाहू. समजा रुग्णाच्या पेशी १४ हजार, हिमोग्लोबिन १२.५, सोडियम १३४, क्रिएटिनिन १.३ आणि साखर ३१०. गुण झाले ०, १, २, ० आणि १, म्हणजे एकूण चार. पद्धतीप्रमाणे शंका कमी. पण सीआरपी करायची सोयच नव्हती. ती २१० निघाली असती तर बेरीज आठ झाली असती. सर्वाधिक वजन असलेली तपासणी नसली की ही पद्धत खोटा दिलासा देते. एककाचाही घोळ होतो. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरऐवजी डेसिलिटरमागे देतात. तिथला २१ हा आकडा प्रत्यक्षात २१० असतो, आणि घाईत तो ‘थोडी वाढलेली’ म्हणून वाचला जातो. उलट दिशेचीही चूक होते. विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात, मधुमेहात साखर वाढलेली असतेच, म्हणजे साध्या गळवाच्या रुग्णालाही दोन-तीन गुण आयतेच मिळतात. वर सांगितलेल्या आढाव्यात सहा गुणांची मर्यादा धरली तेव्हा खऱ्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा निसटला. म्हणून बेरीज जास्त आली तर ती शंकेला बळ देते. कमी आली तर ती शंका रद्द करू शकत नाही.

एक्स-रेत कातडीखाली हवा दिसली तर ती मोलाची खूण आहे, पण सुरुवातीला ती बहुधा दिसत नाही. सीटी स्कॅन अधिक विश्वासार्ह आहे. पडद्याची जाडी, हवा, खोलवर दडलेले गळू आणि पसरण्याची हद्द त्यात कळते. पण सीटी हे शस्त्रक्रियेची तयारी होईस्तोवर जमले तर करायचे काम आहे. स्कॅनसाठी गाडी दुसऱ्या गावी पाठवणे आणि त्यासाठी चार तास घालवणे हा उलटा व्यवहार ठरतो. अखेरचे निदान सुरीनेच होते. दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन फॅशियापर्यंत बोट घालायचे. निरोगी पडदा बोटाला अडवतो आणि रक्त येते. सडलेला पडदा बोटाने सहज सुटत जातो, रक्त येत नाही, आणि दाट पुवाऐवजी भांडी धुतलेल्या पाण्यासारखा मळकट द्रव निघतो.

एक रुग्ण, टप्प्याटप्प्याने

एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचा रुग्ण घेऊ. घाटंजी तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा शेतकरी, आठ वर्षांचा मधुमेह, गोळ्या मिळतील तशा घेतलेल्या. कापूस वेचणीचे दिवस. सोमवारी गुदद्वाराजवळ पुळी जाणवते. मंगळवारी बसता येईना म्हणून तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणि मलम आणतो. गोळीने ताप आणि दुखणे दोन्ही झाकले जाते. अशी मलमे अनेकदा स्टिरॉइडची असतात आणि ती तिथली प्रतिकारशक्ती आणखी पाडतात. बुधवारी रात्री पिशवी सुजते, एका बाजूला काळसर चट्टा येतो, पण तो बायकोला फक्त ‘अंगात कसर आहे’ एवढेच सांगतो. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मुलगा त्याला मोटारसायकलवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतो.

इथे पुढचा अर्धा तास निर्णायक असतो. डॉक्टरने पडदा ओढून कपडे काढून पाहिले तर निदानाची शंका तिथेच येते. नाडी ११८, रक्तदाब १०० वर ६०, ग्लुकोमीटरवर साखर ४१२, ताप नाही. करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दोन जाड सुया लावून सलाइन सुरू करायचे. रक्तदाब पडत असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण १८०० मिलिलिटर, लागते. सेफ्ट्रियाक्झोन आणि मेट्रोनिडाझोल ही केंद्रावर सहसा असणारी इंजेक्शने लगेच द्यायची. शिरेतून जाणारा पहिला डोस रुग्णवाहिका येण्याआधी गेला पाहिजे. तोंडाने काही द्यायचे नाही, कारण पुढे भूल आहे. १०८ ला फोन करायचा आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागाला आधी कळवायचे. तिथे शल्यचिकित्सक, भूल आणि रक्तपेढी एका छताखाली आहेत.

निघतानाच्या चिठ्ठीवर काय लिहिले जाते याने दोन-तीन तासांचा फरक पडतो. ‘अंडकोशाची सूज, मधुमेह’ असे लिहिले तर रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत किंवा मेडिसिनच्या वॉर्डात साखर उतरायची वाट पाहत पडतो. ‘मधुमेही, पेरिनियमची वेदना, काळसर कातडी, फुर्निए गँगरीनची शंका, तातडीची शस्त्रक्रिया हवी’ असे लिहिले, शिवाय काळसर भागाच्या कडेने पेनाने रेघ मारून तिच्याशेजारी वेळ लिहिली, तर पोचल्यावर रेघेबाहेर किती पसरले ते तिथल्या डॉक्टरला मोजता येते. तासाभरात दोन बोटे पसरले असेल तर वाद घालायला जागा उरत नाही.

याच रुग्णाची रुग्णालयातली तपासणी समजा अशी येते: पेशी २२ हजार, हिमोग्लोबिन १०.८, सोडियम १२८, क्रिएटिनिन २.१. सीआरपी न धरताही आठ गुण. आदल्या रात्री हेच आकडे बेताचे असते. आकडे बिघडेपर्यंत शरीराची राखीव ताकद संपत आलेली असते.

सुरी कधी, किती

साखर पूर्ण ताळ्यावर आणून मग शस्त्रक्रिया, हा क्रम इथे चालत नाही. इन्सुलिन शिरेतून चालू करायचे, पाणी आणि पोटॅशियम भरून काढायचे, कीटोन तपासायचे, आणि हे चालू असतानाच शस्त्रक्रियागृहात न्यायचे. संसर्गाचे मूळ निघाल्याशिवाय साखर उतरतच नाही. किती उशीर चालतो, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, रुग्णालयात आल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ टक्के दगावले, आणि त्यानंतर झालेल्यांपैकी ३२ टक्के.

सगळा सडलेला भाग निघेपर्यंत, कडेला ताजे रक्त येईपर्यंत कापत जायचे असते. छोटासा छेद देऊन पू काढला आणि बाकीचे ‘पाहू’ म्हणून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी तोच भाग दुप्पट झालेला दिसतो. नातेवाइकांना सर्वांत धक्का बसतो तो इथे. आत गेलेला माणूस पिशवीची कातडी नसलेला बाहेर येतो. त्यामुळे संमती घेतानाच सांगावे लागते की जखम मोठी दिसेल, वृषण बहुधा वाचतील, चोवीस तासांत पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन पाहावे लागेल आणि अशा फेऱ्या तीन-चार होऊ शकतात. गुदद्वाराचा स्नायू गेला असेल किंवा जखम सतत मलाने भिजत असेल तर काही महिन्यांसाठी पोटावर शौचाचा मार्ग काढतात. मूत्रमार्गातून सुरुवात झाली असेल तर लघवीची नळी ओटीपोटातून टाकतात. जखम लाल, स्वच्छ झाली की मांडीची कातडी लावून ती झाकतात. वृषण तोवर ओल्या ड्रेसिंगमध्ये किंवा मांडीच्या कातडीखाली सांभाळतात.

प्रतिजैविके पहिल्या दिवसापासून रुंद पल्ल्याची असावी लागतात. रुग्णालयात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा कार्बापेनेम, त्याला व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिडची जोड, आणि जंतूंचे विष थांबवण्यासाठी क्लिंडामायसिन अशी जुळणी करतात. जखमेतल्या नमुन्याचा कल्चर अहवाल आला की ती आटोपशीर करतात. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मात्रा बदलाव्या लागतात. दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपचारही सुचवला जातो. पण त्याचा पुरावा मिश्र आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवून रुग्णाला दूर नेण्याइतका तो भक्कम नाही.

मृत्यूचे प्रमाण मोठ्या रुग्णालयांच्या बहुतेक अहवालांत २० ते ४० टक्क्यांदरम्यान येते. वर उल्लेखलेल्या अमेरिकी पाहणीत ते ७.५ टक्के होते. फरकाचे एक कारण असे की मोठ्या केंद्रांकडे आधीच उशीर झालेले, बिघडलेले रुग्ण पोचतात. पोचण्यातला उशीर हा आजाराच्या तीव्रतेचाच भाग होऊन बसतो.

जिल्ह्याचा नकाशा

यवतमाळ जिल्हा लांबट पसरलेला आहे आणि सगळ्यांना जिल्ह्याचे ठिकाण जवळ नाही. उमरखेडकरांना नांदेड जवळ पडते, वणीकरांना चंद्रपूर, पांढरकवडा आणि झरी-जामणीच्या काही गावांना आदिलाबाद. सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये वर्ध्याला आहेत, नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. इथे एक नियम उपयोगी पडतो: ज्या ठिकाणी आज, पुढच्या काही तासांत, भूल देऊन शस्त्रक्रिया होईल ते सर्वांत जवळचे ठिकाण निवडायचे, सर्वांत मोठे नव्हे. फोन करून ‘आज रात्री शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ आहेत का’ एवढे विचारले की एक फेरी वाचते. तालुक्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक आणि भूल दोन्ही असतील, तर पहिला छेद तिथे घेऊन सडलेला भाग मोकळा करणे आणि मग अतिदक्षता विभागासाठी पुढे पाठवणे हे न उघडता तीन तास प्रवास करण्यापेक्षा बरे.

खर्चाची भीती हे उशिराचे आणखी एक कारण आहे. अनेक शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, रोजचे ड्रेसिंग आणि नंतरची कातडी हे सगळे जोडले की खासगी रुग्णालयाचे बिल शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ घेण्यासाठी शिधापत्रिका आणि आधार सोबत न्यायचे. कागद शोधत घरी थांबायचे नाही, ते मागून आणता येतात.

चुकीची किंमत

शेवटी हा सगळा प्रश्न एका निर्णयावर येतो. समोर मधुमेही आहे, दुखणे दिसण्यापेक्षा जास्त आहे, कातडी काळसर आहे, पण खात्री नाही. डॉक्टर दोन प्रकारे चुकू शकतो. आजार नसताना छेद घेतला तर दोन सेंटिमीटरची जखम राहते, ती आठवड्याभरात भरते आणि रुग्ण एक रात्र रुग्णालयात काढतो. आजार असताना वाट पाहिली तर प्रत्येक तासाला पडदा मरत जातो, पुढची शस्त्रक्रिया मोठी होते आणि मरणाची शक्यता वाढत जाते. या दोन चुका एका मापाच्या नाहीत. म्हणून काही ‘अनावश्यक’ छेद घेणारा शल्यचिकित्सक चुकतो आहे असे म्हणता येत नाही. ज्याचा एकही छेद अनावश्यक ठरत नाही, तो बहुधा फार उशिरा कापतो.

रुग्णाच्या बाजूनेही हिशोब तोच आहे. मधुमेह असेल आणि खाली दुखत, सुजत किंवा काळवंडत असेल, तर रात्र उलटू द्यायची नाही. मलम लावायचे नाही, शेक द्यायचा नाही, गळू घरी फोडायचे नाही. डॉक्टरांना दाखवताना लाजायचे नाही, आणि डॉक्टरांनी कपडे न काढता गोळ्या लिहून दिल्या तर स्पष्ट म्हणायचे: ‘साहेब, मला शुगर आहे, जागा काळी पडतेय, एकदा बघा.’